सबमिट करायच्या आधी एसे एआय डिटेक्टरमध्ये टाकून बघू का?

*ताई, मी नाशिकची, सध्या लीड्सला मास्टर्स करतेय. डेव्हलपमेंट स्टडीजचा 3000 शब्दांचा एसे आहे, महिला बचत गटांवर, गुरुवारी दुपारपर्यंत टर्निटिनवर टाकायचाय. सगळा मी स्वतः लिहिलाय, मुद्दे मराठीत वहीत काढले, मग इंग्रजीत लिहिलं, शेवटी फक्त ग्रामर्ली फिरवलं. रूममेट म्हणाली एकदा डिटेक्टरमध्ये टाकून बघ, म्हणून टाकला तर 68% एआय आलं! घाबरून दुसऱ्या साइटवर टाकला तर 12%. आता कुठलं खरं? वाक्यं बदलू का? ह्युमनाइज करून देणाऱ्या साइट्स आहेत त्या वापरू का? की मुळात टाकून बघायलाच नको होतं? आणि जाता जाता, माझा भाऊ पुण्यात एम.ए. मराठी करतो, त्याने त्याचा मराठी निबंध टाकला तर त्याला 90% दाखवलं, तो वेगळाच टेन्शनमध्ये.*
*– झोप उडालेली*

अगं, आधी लॅपटॉप बाजूला ठेव आणि तिसऱ्या साइटवर टाकायला जाऊ नकोस, कारण तिथे 41 येईल, मग चौथीवर 83, आणि गुरुवार येईपर्यंत तुझ्याकडे सात आकडे असतील आणि एसे मात्र आहे तिथेच. आकडा खाली आणायला वाक्यं बदलू नकोस. ह्युमनाइजर तर अजिबात नको. एक गोष्ट मात्र तुझ्या पत्रात मला खटकलीये, ती "फक्त ग्रामर्ली फिरवलं" ही, त्यावर खाली येतेच.

आता 68 आणि 12 मधलं खरं कुठलं. दोन्ही साइट्स एकच गोष्ट मोजतायत असं तू धरून चाललीयेस, आणि बहुतेक तसं नाहीये. काही डिटेक्टर जो टक्का दाखवतात तो "हे लिखाण मशीनचं असण्याची शक्यता किती" असा असतो, म्हणजे अख्ख्या एसेबद्दलचा एक अंदाज. काहींचा टक्का म्हणजे "यातला किती भाग आम्हाला मशीनचा वाटला". पहिल्या अर्थाने 68 म्हणजे साइट म्हणतेय मला संशय आहे पण खात्री नाही. दुसऱ्या अर्थाने 68 म्हणजे साधारण दोन हजार शब्दांवर बोट ठेवलंय. एक काटा वजन सांगतोय, दुसरा उंची, आणि आपण दोन्ही आकडे शेजारी ठेवून घाबरतोय. साइटवर कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं काय मोजलंय ते, पण लाल गोल दिसला की ते कोण वाचतं.

आणि तुझा एसे तपासणार टर्निटिन, या दोघी नाहीत. त्यांचा एआयवाला भाग 4 एप्रिल 2023 ला सुरू झाला, आणि त्याचा टक्का दुसऱ्या प्रकारातला, म्हणजे सलग गद्यापैकी किती भाग मशीनचा वाटतो तो. टेबल, बुलेट, रेफरन्स लिस्ट त्यात धरत नाहीत, 300 शब्दांच्या खालचं लिखाण घेतच नाहीत. आकडा 1 ते 19 च्या मध्ये आला तर ते आकडा दाखवतच नाहीत, नुसतं *% असं दिसतं, कारण इतक्या खालच्या आकड्यांत चुका जास्त होतात हे कंपनीने स्वतःच मान्य केलंय. हे अशासाठी सांगतेय की ज्या रेंजमध्ये टर्निटिन स्वतःच आकडा सांगायला तयार नाही, त्या 12 मध्ये तू फुकटच्या साइटवर दिलासा शोधतेयस. शिवाय हा एआय रिपोर्ट ट्यूटरला दिसतो, विद्यार्थ्याला आपोआप दिसत नाही, तुला दिसलाच तर तो सिमिलॅरिटीचा, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर किती जुळतो तो. आणि ब्रिटनमधल्या बऱ्याच युनिव्हर्सिटींनी 2023 मध्ये ते फीचर चालूच केलं नव्हतं. तुमच्याकडे चालू आहे का हे मॉड्यूल हँडबुकमध्ये किंवा लायब्ररीच्या पानावर मिळेल, नाहीतर ट्यूटरला दोन ओळींची मेल टाक, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बरं, पण स्वतः लिहिलेलं असून 68 आलंच कसं? हे जरा नीट समजून घे, म्हणजे निम्मी भीती जाईल.

या डिटेक्टरांना तू लिहिताना पाहिलेलं नसतं, त्यांच्यासमोर फक्त शब्दांची रांग असते. ते बघतात की एका शब्दानंतर पुढचा शब्द किती अपेक्षित होता. अपेक्षित शब्दामागून अपेक्षितच शब्द येत गेले तर "मशीन", मधेच अनपेक्षित काही आलं, एक वाक्य लांबलचक आणि पुढचं तीन शब्दांचं असलं तर "माणूस". आताचे डिटेक्टर याहून बरंच काही बघतात पण मूळ वास याचाच. आता सांग, अपेक्षित इंग्रजी कोण लिहितं? मशीन लिहितं, आणि आपण लिहितो. आयईएलटीएसचा क्लास आठव. टास्क 2, 250 शब्द, 40 मिनिटं, आणि सरांनी पाठ करून घेतलेला साचा: "इट इज वाइडली बिलीव्ह्ड दॅट", मग "ऑन द वन हँड", मग "ऑन द अदर हँड", शेवटी "टू कन्क्लूड". नाशिक काय नि पुणे काय, सगळीकडे तेच. त्या साच्यावर सात बँड येतात आणि तो साचा हातात बसतो तो कायमचा. वर आपली ठरलेली क्रियापदं, दुसऱ्या भाषेत लिहिताना चुकू नये म्हणून जपून वापरलेले ओळखीचे शब्द. डिटेक्टरला हे सगळं गुळगुळीत लागतं.

हा नुसता माझा तर्क नाही, स्टॅनफर्डच्या लोकांनी 2023 मध्ये हे तपासून छापलंय. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेलचे 91 निबंध घेतले, माणसांनीच लिहिलेले, आणि तेव्हाच्या सात डिटेक्टरांत घातले. सरासरी 61 टक्के निबंध मशीनचे ठरले! 91 पैकी 89 निबंधांवर सातांतल्या निदान एकाने तरी बोट ठेवलं, आणि 18 तर सातही जणांनी एकमताने मशीनचे ठरवले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. आणि त्यातली मजा बघ, मग त्यांनी तेच टोफेलचे निबंध चॅटजीपीटीकडून "जरा भारी शब्द घालून दे" म्हणून सजवून घेतले, तर मशीनचे ठरणारे 61 वरून 12 टक्क्यांच्या आत आले. म्हणजे स्वतः लिहिलं तर मशीन, मशीनकडून सजवून घेतलं तर माणूस. डिटेक्टर तेव्हापासून सुधारलेत, तो अभ्यास जुना झाला असं कंपन्या म्हणतात आणि त्यात तथ्यही आहे, पण कारण जे आहे ते गेलेलं नाही, आणि तू ज्या फुकटच्या साइट्सवर गेलीस त्या किती सुधारल्यात हे तपासायला तुझ्याकडे काही साधन नाही.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने पण जानेवारी 2023 मध्ये स्वतःचा डिटेक्टर काढला होता. त्यांच्याच आकड्यांनुसार तो मशीनच्या लिखाणापैकी 26 टक्केच पकडायचा, आणि माणसाच्या लिखाणापैकी 9 टक्के चुकून मशीनचं म्हणायचा. जुलैत गुपचूप बंद केला. आणि अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीने ऑगस्ट 2023 मध्ये टर्निटिनचा एआयवाला भाग बंद करताना साधा हिशोब मांडला: आमच्याकडे 2022 मध्ये 75,000 पेपर आले, कंपनी म्हणते चूक 1 टक्का, तर मग साधारण 750 पेपरांवर खोटा आळ. एक टक्का ऐकायला किती छोटा वाटतो ना.

आता तुझा मुख्य प्रश्न, टाकून बघणं शहाणपणाचं का. ट्यूटर जेव्हा डिटेक्टर लावतो तेव्हा त्याला माहीत नसतं कुणी लिहिलंय, म्हणून त्या आकड्यातून त्याला थोडीफार का होईना पण माहिती मिळते, निदान कुठे बघायचं एवढी तरी. तुला मात्र आधीच माहितीये कुणी लिहिलंय! लिहिणारी तूच. त्यामुळे "हे मशीनने लिहिलंय का" या प्रश्नाचं उत्तर तुझ्यासाठी 68 ने पण बदलत नाही आणि 12 ने पण नाही. उरतो तो दुसरा प्रश्न, "ट्यूटरच्या स्क्रीनवर काय दिसेल", आणि त्याचं उत्तर या साइट्सकडे नाही कारण ट्यूटरचं टूल वेगळं, त्याचं मॉडेल वेगळं, कुठे रेघ मारायची ती वेगळी. म्हणजे पहिल्या प्रश्नाला आकडा नको आणि दुसऱ्याला हा आकडा चालत नाही. म्हणून माझं मत, आपलंच लिखाण आपणच टाकून बघण्यात फारसा अर्थ नाही. केलंस ते पाप नाही केलंस, पण त्यातून मिळालं काय तर जागरण.

एकच प्रसंग असा आहे जिथे मी म्हणेन ठीक आहे, बघ. ग्रुप रिपोर्ट असेल, चौघांनी भाग लिहिलेत आणि वर तुझंही नाव आहे, तर एखाद्याचा भाग अख्खाच्या अख्खा लाल आला तर त्याला बसवून विचारता येतं की बाबा हे तू कसं लिहिलंस, नोट्स दाखव. तिथेही तो आकडा पुरावा नाही, विचारायला निमित्त आहे फक्त.

पण टाकलायस आणि निकाल समोर आहे, तर आता त्याचं काय करायचं? आकडा विसर आणि रंगवलेली वाक्यं बघ. बसल्या बैठकीला एकदाच. प्रत्येक रंगवलेल्या तुकड्याला विचार, हे वाक्य माझं आहे का, आणि माझं असेल तर ते काही सांगतंय का.

तुझा एसे मी पाहिलेला नाही पण बचत गटांवरचे इतके एसे डोळ्यांखालून गेलेत की पहिलं वाक्य मी न बघता सांगू शकते: "मायक्रोफायनान्स प्लेज अ क्रूशियल रोल इन एम्पॉवरिंग वुमेन इन रूरल एरियाज." आहे ना असंच काहीतरी? हे रंगवलं गेलं असणार, आणि तू स्वतः लिहिलं असलंस तरी रंगवणारा अगदीच चुकला नाही, कारण हे वाक्य जगातल्या कुठल्याही देशावरच्या कुठल्याही एसेच्या सुरुवातीला चालेल. आता तुझ्या वहीत मराठीत काय लिहिलं होतंस ते काढ. तिथे बहुतेक असं असेल की नाबार्डने 1992 मध्ये 500 गट बँकांना जोडून बघायचा पायलट काढला, तारणावाचून कर्ज मिळायला लागलं, पण कर्ज बाईच्या नावावर आणि पैसा वापरतो नवरा असं झालं तर त्याला एम्पॉवरमेंट म्हणायचं का. हे आहे तुझं वाक्य! ते इंग्रजीत पहिल्या परिच्छेदात घाल. डिटेक्टरचा आकडा त्याने खाली येईल न येईल, परत टाकून बघायचंच नाहीये, पण वाचणाऱ्या ट्यूटरला पहिल्या पाच ओळींत कळेल की इथे कुणीतरी विचार केलाय. असा बदल आकड्यासाठी नाही, मार्कांसाठी.

दुसरा तुकडा रंगवलेला असेल तो व्याख्येचा. दहा ते वीस बायका, ठरलेली मासिक बचत, आपसात कर्ज, मग बँकेशी जोडणी. हे कुणीही लिहिलं तरी असंच लिहील, शब्द ठरलेले आहेत. "सेल्फ हेल्प ग्रुप" ला काहीतरी नवीन नाव देऊन माणूसपण सिद्ध करायची गरज नाही. तुझं वाक्य आहे, बरोबर आहे, सोर्स दिलाय, तर तसंच सोड. मेथडॉलॉजीचा भाग पण असाच असतो, सपाट. सपाटच असायला हवा तो.

तिसरा तुकडा म्हणजे जिथे तुला वाचताना वाटेल, हे मी असं लिहिलं होतं का? आणि इथे ग्रामर्ली येतं. ग्रामर्लीने काय केलं हे तुला आठवायला हवं. स्पेलिंग, स्वल्पविराम, राहिलेला the, एवढं दुरुस्त केलं असेल तर काळजी नको. पण "हे वाक्य असं लिहा" म्हणून अख्खं वाक्य किंवा परिच्छेद बदलून देणारी जी सजेशन्स येतात आणि आपण पहाटे दोनला भराभर अॅक्सेप्ट करत सुटतो, ती वाक्यं तुझी राहिलेली नाहीत. ती मशीनने लिहिलेली आहेत, आणि डिटेक्टरने ती पकडली तर तो बरोबर आहे. तेव्हा जुनी कॉपी असेल तर ती शेजारी उघड, जिथे वाक्यच बदललंय तिथे तुझं जुनं वाक्य परत आण, थोडं ओबडधोबड असलं तरी. आणि मॉड्यूलचे एआयचे नियम शोधून वाच, कारण काही ठिकाणी प्रूफरीडिंगला परवानगी असते पण ते सांगावं लागतं, काही ठिकाणी वाक्य बदलणं चालतच नाही, आणि मराठी परिच्छेद टाकून ट्रान्सलेट करून घेणं हे तर बऱ्याच ठिकाणी वेगळं लिहिलेलं असतं. तू मुद्दे मराठीत काढून इंग्रजी स्वतः लिहिलंस म्हणतेस, मग प्रश्न नाही. डिक्लरेशनचा फॉर्म असेल तर "स्पेलिंग आणि व्याकरणासाठी ग्रामर्ली वापरलं" असं सरळ लिही. लपवलेलं ग्रामर्ली सांगितलेल्या ग्रामर्लीपेक्षा महाग पडतं.

ह्युमनाइजरबद्दल. ज्या साइटने तुला 68 दाखवलं तिथेच शेजारी "ह्युमनाइज" चं बटण होतं का? असतंच बहुतेक. आधी घाबरवायचं आणि मग औषध विकायचं, म्हणजे आकडा मोठा दाखवण्यात त्यांचाच फायदा, हे लक्षात घे. आणि ते बटण दाबलंस तर होतं काय, की तू स्वतः लिहिलेला एसे मशीनने पुन्हा लिहून देतं. म्हणजे जो आळ आत्ता खोटा आहे तो तू स्वतःच्या हाताने खरा करणार. वर शब्दांची वाट लागते ती वेगळीच. असल्या शब्द फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून निघालेले पेपर काही संशोधकांनी 2021 मध्ये शोधून काढले होते, त्यात "ब्रेस्ट कॅन्सर" चं "बुझम पेरिल" झालं होतं आणि "आर्टिफिशियल इंटेलिजन्स" चं "काउंटरफिट कॉन्शसनेस". हे विनोद नाहीत, छापून आलेले पेपर आहेत. तुझ्या एसेत "रिव्हॉल्व्हिंग फंड" चं "गोल फिरणारा पैसा" झालं आणि ट्यूटरने त्याचा अर्थ विचारला तर काय सांगणार? शिवाय टर्निटिन आता पॅराफ्रेज करणाऱ्या टूलमधून गेलेलं लिखाण पण वेगळं दाखवतं.

अजून एक सापळा सांगून ठेवते कारण तुझी रूममेट पुढे तोच सुचवेल. टेलिग्रामवर काही लोक पैसे घेऊन "ओरिजिनल टर्निटिन रिपोर्ट" काढून देतात, कुठल्यातरी कॉलेजच्या मास्तराचं अकाउंट वापरून. त्याने फाइल टाकताना रिपॉझिटरीत साठवायचा पर्याय चालू ठेवला असेल तर तुझा एसे टर्निटिनच्या साठ्यात जाऊन बसतो, आणि गुरुवारी तू सबमिट केलास की तो स्वतःच्याच कॉपीशी जुळतो, सिमिलॅरिटी 90 च्या वर, आणि सोर्स म्हणून कुठल्यातरी अनोळखी कॉलेजचं नाव. ते समजावून सांगायला बस मग. फुकटच्या साइट्सवरही टाकलेलं लिखाण कुठे जातं हे त्यांच्या अटी वाचल्याशिवाय कळत नाही, म्हणून म्हटलं तिसऱ्या साइटवर जाऊ नकोस.

आता डिटेक्टरपायी जो तास दीड तास घालवणार होतीस तो इथे घाल. हा एसे तू लिहिलास हे दाखवणाऱ्या गोष्टी आत्ता गोळा करून ठेव, कारण दोन महिन्यांनी विचारलं तर अर्धं सापडणार नाही. गुगल डॉक्समध्ये लिहिलं असशील तर `File > Version history > See version history` उघडून बघ, तारखेवार सगळं दिसतं, कुठला परिच्छेद कधी आला, कधी खोडला. वर्डमध्ये असेल आणि फाइल वनड्राइव्हवर असेल तर `File > Info > Version History`. फाइल नुसती लॅपटॉपवर सेव्ह होत असेल तर बहुधा एकच व्हर्जन असेल, मग जुन्या कॉप्या, स्वतःला मेल केलेले ड्राफ्ट, पेनड्राइव्हवरची फाइल, जे असेल ते एका फोल्डरमध्ये टाक, नावं आणि तारखा न बदलता. आणि उद्यापासून ऑनलाइनच लिही.

तुझ्याकडे सगळ्यात भारी काय आहे माहितीये? ती वही. मराठीत काढलेले मुद्दे, खाडाखोड, बाण, कुठल्या पेपरचं कुठलं पान. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव. डोक्यातला विचार आधी मराठीत कसा होता आणि नंतर इंग्रजीत कसा उतरला हे वहीत आणि ड्राफ्टमध्ये शेजारी शेजारी दिसलं तर ते कुठल्याही टक्क्यापेक्षा वजनदार आहे. पेन्सिलने खुणा केलेल्या प्रिंट, हायलाइट केलेल्या पीडीएफ, लायब्ररीची पावती, ट्यूटरशी झालेली मेल, हेही ठेव. आणि हो, यूट्यूबवर कुणीतरी शिकवेल की तयार एसे हळूहळू पुन्हा टाइप करून व्हर्जन हिस्ट्री बनवता येते, तसलं काही करू नकोस. सरळ पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत न अडखळता टाइप झालेली हिस्ट्री बघितली की लगेच कळतं, खरा एसे असा कुणी लिहीत नाही.

समजा सबमिट केल्यावर बोलावणं आलंच. बहुतेक आधी मेल येते, मग मॉड्यूलचा माणूस आणि अजून एक जण बसतात आणि एसेबद्दल विचारतात. मेलला उत्तर देताना घाईत "सॉरी" लिहू नकोस, ते कबुलीसारखं वाचलं जातं. कुठल्या नियमाखाली, कुठल्या परिच्छेदाबद्दल आणि रिपोर्टशिवाय अजून काय आधार आहे हे लेखी विचार. स्टुडंट्स युनियनमध्ये अॅडव्हाइस सर्व्हिस असते, फुकट, ती माणसं बऱ्याचदा मीटिंगला सोबत येतात, त्यांना आधी गाठ. आरोप सिद्ध करायची जबाबदारी युनिव्हर्सिटीची असते, निर्दोष आहे हे सिद्ध करायची तुझी नव्हे, आणि आतली सगळी अपील संपल्यावरही पटलं नाही तर इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अॅडज्युडिकेटर म्हणून संस्था आहे, तिकडे तक्रार करता येते, विद्यार्थ्याला पैसे पडत नाहीत. मीटिंगला जाताना वही, ड्राफ्ट ने आणि एसे एकदा मोठ्याने वाचून जा, म्हणजे हा सोर्स का घेतला, हा मुद्दा कुठून सुचला हे पटकन सांगता येईल.

मात्र तो 12% चा स्क्रीनशॉट घेऊन जाऊ नकोस. मोह होणार, "बघा, दुसरा डिटेक्टर तर माणूस म्हणतोय". पण तो टेबलावर ठेवलास की तू मान्य केलंस की डिटेक्टरचा आकडा पुरावा असतो, आणि मग त्यांचा आकडा पण पुरावा झाला की. शिवाय पुढचा प्रश्न येईल, सबमिट करायच्या आधी किती ठिकाणी तपासलंत आणि काय काय बदललंत? खोटं बोलायचं नाही, विचारलं तर सांग की घाबरून दोन ठिकाणी टाकला होता, पण आपण होऊन तो आधार घेऊ नकोस.

भावाला सांग त्याचा 90 टक्के तर अगदीच निरर्थक आहे. टर्निटिनचं एआय ओळखणं इंग्रजीवर सुरू झालं, नंतर स्पॅनिश आणि जपानी आलं, मराठी त्यात नाही. फुकटच्या साइट्स कुठल्याही लिपीतलं काहीही टाकलं तरी काहीतरी आकडा देतातच, "आम्हाला ही भाषा येत नाही" असं म्हणायचं त्यांच्यात नसतं. त्याची खात्रीच करायची असेल तर कुठल्यातरी जुन्या दिवाळी अंकातला एक परिच्छेद टाइप करून टाकायला सांग आणि काय येतं ते बघू दे. आणि त्याच्या डोक्यात कुणीतरी "10 टक्क्यांच्या वर गेलं की रिजेक्ट" असं भरवलं असणार, तर तो यूजीसीचा 2018 चा नियम आहे, तो सिमिलॅरिटीचा, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर किती जुळतो त्याचा. 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही आणि त्याच्या वर पायऱ्या आहेत. एआयच्या टक्क्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याने गाइडला एवढंच विचारावं की विभागात मराठी निबंध नेमकं कशावर तपासतात, आणि उत्तर मेलवर घ्यावं.